बिलाच्या तळाशी छापलेलं कर्ज

बेंगळुरूत यशवंतपूरच्या बाजार समितीच्या यार्डात भुसार मालाच्या एखाद्या गाळ्यावर डाळीच्या गिरणीचं बिल आलं की वरचे आकडे सगळेच बारकाईने वाचतात. पोती किती, वजन किती, क्विंटलला भाव काय लावला, हमाली कोणाच्या माथी. तळाशी मात्र लहान टायपात काही ओळी छापलेल्या असतात आणि त्या वर्षानुवर्षं तशाच असल्यामुळे कोणी वाचत नाही. साधारण अशा: ‘दहा दिवसांत रक्कम जमा झाल्यास २ टक्के रोख सूट. मुदत ३० दिवस. मुदतीनंतर द.सा.द.शे. २४ टक्के व्याज आकारलं जाईल. वाद उद्भवल्यास लातूर न्यायकक्षा.’

यातला २४ टक्के हा आकडा वाचून व्यापारी थोडा सावध होतो. वरच्या ओळीतला २ टक्के मात्र किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात त्या दोन टक्क्यांमागे २४ टक्क्यांच्या दीडपट महाग कर्ज असतं, आणि ते घेण्यासाठी कुठे सही करावी लागत नाही. दहावा दिवस टळू दिला की ते आपोआप घेतलं जातं.

लातूर आणि कलबुर्गी हे तुरीचे दोन मोठे पट्टे बेंगळुरूला डाळ पुरवतात. डाळ येते ती बहुतेक लॉरीने. आपण असाच एक छोटा व्यापारी धरू. यार्डात त्याचा एक गाळा आहे. आजूबाजूच्या किराणा दुकानांना आणि खानावळींना तो डाळ पुरवतो. लातूरच्या गिरणीकडून त्याने ४० क्विंटल तूरडाळ मागवली, पन्नास किलोची ८० पोती. हिशेब सोपा राहावा म्हणून भाव क्विंटलला १०,००० रुपये धरू. बिल झालं ४,००,००० रुपयांचं आणि अटी वर लिहिल्या त्याच. म्हणजे दहाव्या दिवसापर्यंत पैसे पोचले तर ३,९२,००० रुपयांत बिल मिटतं, नाहीतर तिसाव्या दिवशी पूर्ण ४,००,००० द्यायचे.

गाळ्यावर या अटीचा अर्थ बहुधा असा लावला जातो: महिनाभराची उधारी फुकट आहे, आणि घाई केली तर वर दोन टक्के बक्षीस. हा अर्थ उलटा आहे. गिरणी ३,९२,००० रुपये घ्यायला राजी आहे, म्हणजे डाळीची किंमत तेवढीच. ज्या आठ हजारांना आपण सूट म्हणतो ते किमतीत नव्हतेच. ते पुढच्या २० दिवसांच्या उधारीचं व्याज आहे आणि ते बिलात आधीच मिळवून ठेवलेलं आहे. पहिल्या दहा दिवसांची उधारी मात्र खरोखरच फुकट आहे, कारण पहिल्या दिवशी दिले काय नि दहाव्या दिवशी दिले काय, रक्कम ३,९२,०००च राहते.

आता हे कर्ज नीट मांडू. मुद्दल ३,९२,००० रुपये, व्याज ८,००० रुपये, मुदत २० दिवस. शाळेत सरळव्याजाचं गणित शिकलेल्या कोणालाही पुढचं जमेल. आठ हजाराला ३,९२,००० ने भागलं की २.०४ टक्के येतात. हा झाला २० दिवसांचा दर. वर्षात असे २० दिवस सव्वाअठरा वेळा बसतात, कारण ३६५ भागिले २० म्हणजे १८.२५. दोन्हींचा गुणाकार केला की दर साल दर शेकडा ३७.२ टक्के. सूत्रात लिहायचं तर:

वार्षिक दर = [सूट ÷ (१०० − सूट)] × [३६५ ÷ (पूर्ण मुदत − सवलतीचे दिवस)] × १००

यात दोन ठिकाणी लोक अडखळतात. पहिलं म्हणजे भागायचं ९८ ने, १०० ने नाही, कारण व्यापाऱ्याच्या हातात खरं कर्ज ९८ रुपयांचंच पडतं. बाकीचे दोन तो परत करतानाच देतो. दुसरं ठिकाण जास्त महत्त्वाचं आहे. मुदत ३० दिवसांची दिसत असली तरी कर्जाचे दिवस २०च. पहिले दहा दिवस कर्जात धरले तर दर २५ टक्क्यांच्या आसपास दिसतो आणि निर्णय चुकतो.

हा हिशेब पहिल्यांदा ऐकणारा हमखास विचारतो, “पण मी काही वर्षात अठरा वेळा माल मागवत नाही. महिन्यातून एकदाच मागवतो. मग ३७ टक्के कुठून आले?” शंका रास्त आहे, म्हणून वर्षाचे रुपये मोजून पाहू. महिन्याला एक याप्रमाणे वर्षात बारा बिलं. प्रत्येक बिलावर आठ हजार गेले, म्हणजे वर्षाला ९६,००० रुपये. या रकमेच्या बदल्यात व्यापाऱ्याला काय मिळालं? दर महिन्याला ३,९२,००० रुपये फक्त २० दिवस वापरायला मिळाले. उरलेले दहा दिवस हे कर्ज अंगावर नव्हतं. वर्षभराची सरासरी काढली तर त्याने जेमतेम २,५८,००० रुपये वापरले. एवढ्या रकमेवर ९६,००० रुपये व्याज म्हणजे पुन्हा ३७.२ टक्केच. माल कितीदा मागवला यावर दर अवलंबून नसतो. किती रुपये गेले, ते मात्र त्यावर ठरतं.

वित्तशास्त्राच्या पुस्तकांत याच उदाहरणाचा आणखी मोठा आकडा सापडतो, ४४.६ टक्के. तो चक्रवाढीचा. दर २० दिवसांनी वाचलेली सूट पुन्हा कामाला लावली आणि तीही त्याच दराने वाढत गेली, असं त्यात धरलेलं असतं. गाळ्यावरच्या व्यापाऱ्याला या आकड्याची गरज नाही, असं माझं मत आहे. बाहेरून उसने घेतलेल्या पैशाचा दर तो सरळव्याजातच बोलतो. त्यामुळे तुलना ३७ शी करावी. यार्डाच्या भाषेत सांगायचं तर ही उधारी महिन्याला शेकडा तीनने घेतलेली आहे, आणि शेकडा तीन म्हटलं की कोणालाही ते महाग आहे हे चटकन कळतं.

मग हा आकडा हातात घेऊन करायचं काय? समजा व्यापाऱ्याचं बँकेत कॅश क्रेडिट खातं आहे आणि त्याचा दर ११ टक्के आहे. दहाव्या दिवशी त्याने या खात्यातून ३,९२,००० काढून गिरणीला पाठवले आणि तिसाव्या दिवसापर्यंत विक्रीच्या पैशातून ते खातं भरून काढलं, तर बँकेचं व्याज होतं सुमारे २,३६० रुपये. गिरणीचे आठ हजार वाचले, बँकेला २,३६० गेले, पदरात ५,६४० रुपये राहिले. बारा बिलांचे ६७,००० रुपयांहून जास्त. भाव तोच, गिरणी तीच, गिऱ्हाईकही तेच. बदललं एवढंच की २० दिवसांचं कर्ज गिरणीऐवजी बँकेकडून घेतलं.

ज्याच्याकडे बँकेची मर्यादा नाही, त्याने ओळखीतून महिन्याला शेकडा दोनने पैसे उचलले तरी गणित तोट्याचं होत नाही. २४ टक्क्यांनी २० दिवसांचं व्याज ५,१५५ रुपये होतं आणि २,८४५ वाचतात. शेकडा तीनला आलं की मात्र वाचतात जेमतेम पावणेतीनशे. तेवढ्यासाठी कोणाच्या दारात उभं राहू नये. ३७.२ ही इथली सीमारेषा आहे. त्याखालच्या दराने पैसा मिळत असेल तर सूट घ्यावी, त्यावरच्या दराने मिळत असेल तर गिरणीची उधारी वापरावी.

बँकेच्या मर्यादेबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते: “मर्यादा आधीच भरत आली आहे, सूट घ्यायला पैसे काढू कुठून?” इथे कॅश क्रेडिट कसं मोजतात ते पाहिलं पाहिजे. मंजूर मर्यादा एक असते आणि प्रत्यक्षात काढता येणारी रक्कम, म्हणजे ड्रॉइंग पॉवर, वेगळी असते. बँक व्यापाऱ्याच्या मालाची किंमत घेते, त्यातून ज्या मालाचे पैसे अजून द्यायचे आहेत ती देणी वजा करते आणि उरलेल्या रकमेतून मार्जिन कापते. मार्जिन २५ टक्के असेल तर गाळ्यात पडलेली चार लाखांची डाळ उधारीची असेपर्यंत तिच्यावर बँक एक रुपयाही देत नाही. तीच डाळ पैसे चुकते केलेली असेल तर तिच्यावर तीन लाख मिळतात. म्हणजे गिरणीचे पैसे दिल्याने काढायची ताकद संपत नाही, उलट वाढते. आपल्या खिशातून लागतात ते सुमारे ९२,००० रुपये. दोन अडचणी खऱ्या आहेत. एक, ही वाढ पुढचं स्टॉक स्टेटमेंट बँकेत दिल्यावरच दिसते, त्यामुळे पहिल्या खेपेला कुठून तरी जुळवाजुळव करावी लागते. दोन, मंजूर मर्यादेच्या पलीकडे ड्रॉइंग पॉवर कितीही झाली तरी उपयोग नाही.

आता सवलतीच्या टक्क्याकडे येऊ, कारण डोळा तिथेच फसतो. एक गिरणी म्हणते, रोखीत दीड टक्का सूट, नाहीतर ४५ दिवस. दुसरी म्हणते, सात दिवसांत दिले तर एक टक्का, नाहीतर ३० दिवस. तिसरी म्हणते, सात दिवसांत दिले तर अर्धा टक्का, नाहीतर पंधरा दिवस. कोणालाही विचारा, पहिली सूट सगळ्यात मोठी आणि तिसरी घेण्याच्याही लायकीची नाही, असंच उत्तर येईल. सूत्रात घालून पाहिलं तर पहिलीचा वार्षिक दर १२.४ टक्के निघतो, दुसरीचा १६ टक्के आणि तिसरीचा जवळजवळ २३ टक्के. अर्धा टक्का केवळ आठ दिवसांसाठी जातो, म्हणून तो सगळ्यात महाग. ११ टक्क्यांच्या कॅश क्रेडिटवर पहिली सूट घेतली काय, सोडली काय, फारसा फरक पडत नाही. तिसरी सोडणं मात्र परवडत नाही. सूट मोठी की लहान हे टक्क्यावर ठरत नाही, तो टक्का किती दिवस विकत घेतो यावर ठरतं.

हे एकदा डोक्यात बसलं की पैसे कोणत्या दिवशी द्यायचे हा प्रश्नही सुटतो. आपल्या ४,००,००० च्या बिलाला फक्त दोनच शहाणे दिवस आहेत, दहावा आणि तिसावा. तिसऱ्या दिवशी दिले तर सात फुकट दिवस वाया गेले. बाराव्या दिवशी दिले तर सगळ्यात वाईट. पूर्ण आठ हजार गेले आणि त्या बदल्यात दोनच दिवस मिळाले, म्हणजे ३७२ टक्के वार्षिक दर. दहावा दिवस चुकलाच असेल तर मग हाताशी पैसे असले तरी तिसाव्या दिवसापर्यंत ते कॅश क्रेडिट खात्यात पडू द्यावेत, तिथलं व्याज तेवढं कमी होतं. ‘सूट गेलीच आहे, तर देऊन मोकळं होऊ’ म्हणून पंधराव्या-सोळाव्या दिवशी पैसे पाठवणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा प्रामाणिकपणा मला मनापासून आवडतो, पण ते सूटही गमावतात आणि मुदतही.

दहावा दिवस चुकण्याची कारणं बहुतेक वेळा पैशाची नसतातच, मोजणीची असतात. दहा दिवस बिलाच्या तारखेपासून की माल गाळ्यावर उतरल्यापासून? बिल सोमवारी फाडलं, लॉरी गुरुवारी पोचली आणि पोती शुक्रवारी मोजून झाली, तर बिलाच्या तारखेने चार दिवस आधीच गेले. चेक दिला त्या दिवशी धरायचं की गिरणीच्या खात्यात पैसे पडले त्या दिवशी? बिलावर ‘रक्कम जमा झाल्यास’ असं असेल तर चेक वटायचा वेळ आपल्या अंगावर. यावर सोपा उपाय आहे. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं. आरटीजीएसला किमान रक्कम दोन लाख लागते, आपलं बिल त्यात बसतं. दहावा दिवस रविवारी आला म्हणून सूट गेली, असं आता व्हायचं कारण नाही.

पैसे पाठवताना आठ हजार कापून घेतले की काम संपत नाही. गिरणीकडून तेवढ्याची क्रेडिट नोट आली पाहिजे. नाहीतर गिरणीच्या खतावणीत आपल्या नावे आठ हजार बाकी दिसत राहतात आणि वर्षअखेरीला खातं जुळवताना दलाल मध्ये पडेपर्यंत बोलाचाली होते. कर लागणाऱ्या मालात आणखी एक गोष्ट पाहायची असते. सूट पूर्ण बिलावर आहे की कराआधीच्या किमतीवर? एक लाखाच्या मालावर १८ टक्के जीएसटी लागून बिल १,१८,००० झालं आणि दोन टक्के सूट फक्त लाखावर मिळाली, तर १,१६,००० रुपये लवकर देऊन २,००० वाचतात. दर ३७ वरून साडेएकतीसवर येतो. तरीही सूट घेण्याजोगीच, पण आकडा वेगळा.

इथवरचा सगळा हिशेब एकाच गिरणीच्या दोन अटींमधला होता. बाजारात दुसरी गिरणीही असते, आणि या हिशेबाची पहिली मर्यादा इथेच आहे: ३७ टक्क्यांचा आकडा दिशाभूल करू शकतो. समजा कलबुर्गीची एक गिरणी तशाच प्रतीची डाळ ९,८५० रुपये क्विंटलने देते, सूट काही नाही, मुदत ३० दिवस. बिल ३,९४,००० रुपये. लातूरच्या मालाची रोखीची किंमत ३,९२,००० होती. म्हणजे कलबुर्गीकडून घेतल्यास २० दिवसांच्या उधारीला फक्त २,००० रुपये जास्त पडतात, वार्षिक दर ९.३ टक्के. हे बँकेच्या ११ टक्क्यांपेक्षाही स्वस्त. अशा वेळी सुटीचा मोह सोडून कलबुर्गीचा माल उधारीवर घेणं हेच शहाणपणाचं. काही पुरवठादार सूट देण्यासाठीच भाव आधी चढवून लावतात. म्हणून भावाची तुलना करताना प्रत्येकाची रोखीची निव्वळ किंमत आधी काढावी आणि दुसऱ्याच्या उधारीचा दर त्याच्यावरून मोजावा.

दुसरी मर्यादा नाजूक आहे, पण ती टाळून हा विषय पुरा होत नाही. बिलावर ३० दिवस लिहिलेले असले तरी पुष्कळ व्यापारी प्रत्यक्षात पंचेचाळीसाव्या किंवा साठाव्या दिवशी पैसे देतात आणि छापलेलं २४ टक्के व्याज गिरणी दरवेळी वसूल करतेच असं नाही. अशा व्यापाऱ्याला सूट सोडण्याचा दर खरोखरच कमी पडतो. पंचेचाळीसाव्या दिवशी दिले तर २१ टक्के, साठाव्या दिवशी दिले तर १५. गणित म्हणून हे बरोबर आहे. पण गिरणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर २००६ चा एमएसएमई कायदा आड येतो. लेखी ठरलेली मुदतच पाळायची आणि तीही ४५ दिवसांहून जास्त असू शकत नाही. काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. त्यापुढच्या विलंबावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागण्याचा गिरणीला हक्क आहे. बँक रेट ६ टक्के धरला तर हे व्याज १८ टक्क्यांनी लागतं. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने केलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अशा उद्योगाचं मुदत टळलेलं देणं ३१ मार्चला बाकी असेल, तर ती खरेदी त्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा होत नाही, पैसे देऊ त्या वर्षी होते. आणि कायद्याच्या पलीकडे गिरणीची स्वतःची स्मरणशक्ती असते. तुरीची आवक घटते त्या महिन्यांत माल कोणाला आधी द्यायचा हे ती आपल्या खतावणीवरूनच ठरवते.

तिसरी मर्यादा माल पारखण्याची. पैसे हातात असेपर्यंत पुरवठादार तक्रार ऐकतो. पैसे गेले की तीच तक्रार ऐकायला वेळ लागतो. आपल्या उदाहरणात एक पोतं पाच हजारांचं आहे, म्हणजे सगळी सूट दीड पोत्याएवढी. दोन पोती भिजलेली निघाली आणि त्यांची भरपाई मिळाली नाही, तर सूट घेऊनही दोन हजारांचा तोटा. यावर उपाय सूट सोडणं हा नाही. माल उतरल्या दिवशीच वजन करायचं, चार-सहा पोत्यांत बंबू घालून नमुना काढायचा, ओल आणि तुकडा पाहायचा, आणि काही कमी-जास्त असेल तर लॉरीच्या पावतीवरच लिहून घ्यायचं. दहा दिवस यासाठी भरपूर असतात. पहिल्यांदाच व्यवहार होत असलेल्या गिरणीच्या बाबतीत मात्र एक-दोन खेपा सूट सोडून माल पाहावा, असं मी सुचवीन. ती रक्कम पारख करून घेण्याची किंमत समजावी.

आणि चौथी, पैसाच मोजका असेल तेव्हाची. श्रावण-भाद्रपदात हरभरा डाळीला मागणी चढते. समजा त्या वेळी तेच ३,९२,००० रुपये हरभरा डाळीत घातले तर २० दिवसांत सगळा खर्च जाऊन ११,००० रुपये सुटतात आणि ती डाळ उधारीवर मिळत नाही. मग आठ हजारांची सूट सोडून अकरा हजार कमावणं बरोबर. पण ‘उधारीवर मिळत नाही’ ही अट खरी आहे ना, हे स्वतःला विचारलं पाहिजे. पुष्कळ वेळा दुसरा मालही उधारीवर मिळत असतो आणि सूट सोडल्याचं समर्थन नंतर शोधलेलं असतं.

हे सगळं एवढं ढळढळीत असताना वर्षानुवर्षं लक्षात का येत नाही? मला वाटतं, दोष वह्यांचा आहे. सूट घेतली तर ‘मिळालेली कसर’ म्हणून खतावणीत तिचं खातं पडतं. बँकेचं व्याज दिलं तर त्याचंही खातं पडतं आणि ते वर्षअखेरीला बोचतं. पण सोडलेली सूट कुठेच नोंदली जात नाही. खरेदी खात्यात ४,००,००० लिहिले जातात, त्यातले आठ हजार व्याजाचे आहेत हे कुठेच दिसत नाही, आणि वर्षाचे ९६,००० रुपये ‘माल महाग पडला’ या सदरात जिरून जातात. बँकेच्या २८,००० रुपयांच्या व्याजाला घाबरणारा माणूस त्याच्या तिप्पटीहून जास्त व्याज निमूटपणे भरतो, कारण ते त्याला कधी दिसलेलंच नसतं. खरेदी वहीत एक जादा रकाना आखून त्यात सुटीची शेवटची तारीख आणि सुटलेली रक्कम लिहिली, तरी सहा महिन्यांत चित्र समोर येतं.

हाच व्यापारी दुसऱ्या बाजूलाही उभा असतो. खानावळवाल्याला तो म्हणतो, “अण्णा, दहा दिवसांत द्या, दोन टक्के सोडतो.” तेव्हा तो स्वतः ३७ टक्क्यांनी कर्ज काढत असतो. बँकेत मर्यादा शिल्लक असेल तर असं बोलायची गरज नाही. पण खानावळवाला साठ दिवस लावणारा असेल, बुडवायची भीती असेल, दर आठवड्याला माणूस पाठवून तगादा लावावा लागत असेल, तर चित्र पालटतं. पैसे पन्नास दिवस लवकर येतात, दर पंधरावर उतरतो आणि बुडण्याची भीतीही जाते. गिरणी दोन टक्के का सोडते, याचंही उत्तर यातच आहे. बाजार समितीत तिला तुरीचे पैसे लवकर चुकते करावे लागतात, आणि दूर बेंगळुरूतल्या गाळ्यावर पडलेली उधारी तिच्या दृष्टीने बँकेतल्या पैशाएवढी पक्की नसते. त्या ३७ टक्क्यांत निव्वळ व्याज थोडं असतं, बाकी जोखमीचं आणि तगाद्याचं मोल असतं. जो व्यापारी वेळेवर देणारा आहे तो न केलेल्या गुन्ह्याचा हा दंड भरत असतो.

म्हणूनच वेळेवर देणाऱ्याने अट जशी छापली आहे तशी मुकाट्याने स्वीकारू नये. २० दिवसांचे आठ हजार म्हणजे दिवसाला ४०० रुपये. दहावा दिवस गाठता येत नसेल तर दलालामार्फत गिरणीला विचारावं: “दहाव्या दिवसानंतर जितके दिवस लवकर देईन, तितके चारशे धराल का?” पंधराव्या दिवशी दिले तर सहा हजार, विसाव्या दिवशी दिले तर चार हजार. दर सगळीकडे ३७ च्या आसपासच राहतो, त्यामुळे गिरणीचं यात काही जास्त जात नाही. उलट जे पैसे तिसाव्या दिवसाआधी येणारच नव्हते त्यातले काही आधी येतात. व्यापाऱ्याचा फायदा असा की दहावा दिवस हा कडा राहत नाही. बाराव्या दिवशी खानावळीचे पैसे आले तर तो त्याच संध्याकाळी आरटीजीएस करतो आणि आठऐवजी ७,२०० रुपये कापून घेतो. सगळ्याच गिरण्या याला तयार होणार नाहीत. जी होईल तिचं म्हणणं पुढच्या ऑर्डरच्या वेळी भावासोबतच लिहून घ्यावं, माल गाळ्यावर उतरल्यावर नव्हे.